फ्यू की अ फ्यू, लिटल की अ लिटल: ऑफिसच्या मेलमधल्या त्या एका ‘अ’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

(इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिलीयेत, त्यामुळे तो ‘अ’ डोळ्यात भरतो. रोमनमध्ये तो इतका बारीक दिसतो की आपण त्याच्यावरून सरळ पुढे जातो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.)

फरक नक्की काय आहे, एका दमात सांगा ना.

‘फ्यू’ म्हणजे फारसे नाहीत. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. ‘लिटल’ म्हणजे फारसं नाही, ‘अ लिटल’ म्हणजे थोडं आहे. पहिली जोडी मोजता येणाऱ्या गोष्टींची, म्हणजे युजर, एरर, दिवस वगैरे, आणि दुसरी न मोजता येणाऱ्यांची, म्हणजे वेळ, प्रोग्रेस, बजेट. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

पण खरी गंमत ‘नाहीत’ आणि ‘आहेत’मध्ये आहे. मराठीत आपल्याला कमीपणा दाखवायचा असला की आपण क्रियापदच फिरवतो, ‘फारसे एरर नाहीत’, त्यामुळे ऐकणाऱ्याला नकार स्पष्ट कळतो. इंग्रजीत ‘देअर आर फ्यू एरर्स’ असं लिहिलं की वरवर क्रियापद होकारी दिसतं, ‘नॉट’ कुठेच नाही, आणि तरीही वाक्य आतून नकारी असतं, कारण सगळा नकार त्या ‘फ्यू’च्या पोटात बसलाय. आपल्या कानाला नकार दिसत नाही म्हणून आपण ‘थोडे एरर आहेत’ असं समजून मोकळे.

पटत नसेल तर शाळेतले क्वेश्चन टॅग आठवा. ‘फ्यू पीपल केम’च्या पुढे ‘डिड दे?’ लागतं आणि ‘अ फ्यू पीपल केम’च्या पुढे ‘डिडन्ट दे?’. असा टॅग साधारणपणे वाक्याच्या उलटा असतो, म्हणजे इंग्रजी स्वतःच पहिल्या वाक्याला नकारी धरते.

मग मेल लिहिताना पटकन कसं ठरवायचं?

मनातलं वाक्य आधी मराठीत म्हणा. ‘फारसे... नाहीत’ असं बसत असेल तर ‘फ्यू’. ‘थोडे... आहेत’ किंवा ‘काही... आहेत’ असं बसत असेल तर ‘अ फ्यू’. आणि ‘थोडेच’ म्हणावंसं वाटलं, म्हणजे त्या ‘च’वर जोर आला, तर ‘ओन्ली अ फ्यू’. आपला ‘च’ हे काम रोज बिनबोभाट करतो, ‘थोडे पैसे आहेत’ म्हणणारा उधार देईल आणि ‘थोडेच पैसे आहेत’ म्हणणारा देणार नाही, हे कुणाला समजवावं लागत नाही. इंग्रजीत तेवढ्याच वजनाचं काम तो ‘अ’ करतो, फक्त उलट्या बाजूने, तो असला की ‘आहे’ आणि गेला की ‘नाही’.

हे सगळं शाळेत शिकलोय की. ‘फ्यू, अ फ्यू, द फ्यू’ तोंडपाठ होतं. तरी चुकतं का?

कारण शाळेत ते गाळलेल्या जागा भरण्यापुरतं होतं, आणि मेल लिहिताना आपण मराठीतून वाक्य उचलतो. मराठीत आर्टिकल नाहीच, ‘थोडे इश्यू आहेत’मध्ये ‘अ’ला जागाच नाही, त्यामुळे तो गळला तरी आपल्याला काही हरवल्यासारखं वाटत नाही. त्यात बोलताना हा ‘अ’ इतका हलका असतो की ‘अफ्यू’ असा एकच शब्द ऐकू येतो, बऱ्याचदा तेवढंही नाही.

शिवाय स्पेलचेकच्या भरवशावर राहू नका. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्धच आहेत, लाल रेघ येणार कशाला? चुकीचं इंग्रजी लिहिलं तर समोरचा थांबून विचारतो तरी, इथे तुम्ही अगदी बरोबर इंग्रजीत भलतंच सांगून बसता आणि कुणी विचारत नाही.

‘अ’ असला की धीर आणि नसला की इशारा, असं समजायचं का?

नाही, आणि हाच सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे म्हणून जरा सावकाश.

पुढे येणारा शब्द चांगल्या गोष्टीचा आहे की वाईट गोष्टीचा, त्यावर सगळं फिरतं. वाईट गोष्ट घ्या, म्हणजे एरर, कम्प्लेंट, रिस्क. ‘फ्यू कम्प्लेंट्स’ म्हणजे तक्रारी फारशा नाहीत, वाचणारा निवांत. ‘अ फ्यू कम्प्लेंट्स’ म्हणजे तक्रारी आल्यात, वाचणारा खुर्चीत जरा पुढे सरकतो. म्हणजे इथे ‘अ’ लावल्यावर इशारा तयार झाला.

आता चांगली गोष्ट घ्या, दिवस, सीट, व्हॉलंटियर. ‘वी हॅव अ फ्यू डेज बिफोर द ऑडिट’ म्हणजे आहेत हातात थोडे दिवस, करू. ‘वी हॅव फ्यू डेज बिफोर द ऑडिट’ म्हणजे दिवस उरलेच नाहीत फारसे, हलवा. इथे ‘अ’ने धीर दिला आणि तो काढल्यावर इशारा झाला.

लिटलचंही तसंच. ‘देअर इज लिटल रिस्क’ ऐकून मॅनेजर सही करतो, ‘देअर इज अ लिटल रिस्क’ ऐकून विचारतो की कसला रिस्क. पण ‘देअर इज लिटल बजेट लेफ्ट’ म्हटलं की समोरचा खर्च थांबवतो आणि ‘अ लिटल बजेट लेफ्ट’ म्हटलं की तो विचारतो, मग एक लायसन्स घेऊन टाकूया का.

म्हणून ‘अ’ म्हणजे पॉझिटिव्ह असं घोकू नका. ‘अ’ फक्त सांगतो की गोष्ट आहे. ती असणं बरं की वाईट, ते त्या गोष्टीवर.

प्रत्यक्षात यानं नुकसान होतं का? समोरच्याला संदर्भावरून कळतंच की.

बऱ्याचदा कळतं. पण माझ्याच हातून झालेलं सांगते.

आधीच्या एका कंपनीत सपोर्टला होते, क्लायंट इंग्लंडचा, त्यांच्या पगाराच्या पोर्टलचं अपग्रेड दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा शुक्रवारी झाला आणि दुपारपासून तिकिटं यायला लागली, लोकांना पेस्लिपच दिसेना. संध्याकाळपर्यंत 410 पैकी 38 जण. मी घाईघाईत क्लायंटकडच्या मॅनेजरना लिहिलं, ‘आफ्टर द अपग्रेड, फ्यू युजर्स आर अनेबल टू सी देअर पेस्लिप्स. वी आर चेकिंग.’ माझ्या डोक्यात मराठी होतं की काही जणांना पेस्लिप दिसत नाहीये, आम्ही बघतोय, म्हणजे थांबा जरा.

त्यांचं उत्तर अर्ध्या तासात. ‘ग्रेट, थँक्स. लेट्स गो अहेड विथ फेज टू.’

मला ते उत्तर विचित्र वाटलं, पण वाटलं की यांना चालत असेल. शनिवारी दुसरा टप्पा झाला आणि सोमवारी सकाळी त्या 38 जणांचे दोनशेच्या वर झाले. कॉलवर ते शांतपणे म्हणाले, तुम्हीच तर लिहिलं होतं की जवळजवळ कुणालाच त्रास नाही. मी मेल उघडून मोठ्यांदा वाचायला लागले, माझी बाजू मांडायला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की ते म्हणतायत तेच तिथे लिहिलंय. ‘फ्यू युजर्स आर अनेबल’ म्हणजे दिसत नाही असे लोक फारसे नाहीत. मी इशारा द्यायला गेले आणि हिरवा कंदील दाखवून आले.

नंतर टीम लीड ताई म्हणाल्या, ‘अगं ‘अ’ टाकला असतास तरी भागलं नसतं, आकडा टाकायचा होतास.’ त्यांचं बरोबर होतं. तो मेल असा हवा होता: ‘38 ऑफ 410 युजर्स कान्ट सी देअर पेस्लिप्स सिन्स द अपग्रेड. वी डोन्ट नो द कॉज येट. प्लीज होल्ड फेज टू अनटिल वी कन्फर्म.’ यात फ्यूही नाही आणि अ फ्यूही नाही. किती, काय माहीत नाही आणि तुम्ही काय करायचं, एवढंच.

‘लिटल’मुळे असं काय होतं? तो शब्द तर आपण कमी वापरतो.

लिहिताना कमी वापरतो, पण वाचताना फसतो, विशेषतः ‘चान्स’, ‘पॉइंट’, ‘चॉइस’ आणि ‘डाउट’ या चार शब्दांबरोबर.

‘देअर इज लिटल चान्स ऑफ अप्रूव्हल धिस मन्थ.’ आपण वाचतो, या महिन्यात अप्रूव्हलचा थोडा चान्स आहे. आणि मराठीत ‘थोडा चान्स आहे’ हे चक्क आशेचं वाक्य आहे, लोकलमध्ये चौथी सीट मिळण्याइतकी आशा. प्रत्यक्षात लिहिणाऱ्याने दार लावून घेतलंय, या महिन्याचं विसरा. माझ्या एका मित्राने असल्या मेलवर तीन आठवडे व्हेंडरला ‘बस होतंय, होतंय’ करत धरून ठेवलं होतं.

‘देअर इज लिटल पॉइंट इन री-टेस्टिंग’ म्हणजे पुन्हा टेस्ट करण्यात अर्थ नाही, करू नका. ‘वी हॅव लिटल चॉइस’ म्हणजे दुसरा पर्याय नाही. ‘लिटल डाउट’ म्हणजे थोडी शंका आहे असं बिलकुल नाही, शंकाच नाही जवळजवळ. हे असलं वाक्य मेलमध्ये आलं तर ते नम्र भाषेतला नकार समजा, कारण साहेबी ऑफिसात तोंडावर ‘नो’ म्हणण्याऐवजी हे चालतं.

‘आय ॲम लिटल कन्सर्न्ड’ लिहिलं तर चालेल का? सगळेच लिहितात.

सगळे लिहितात हे खरं, पण तुम्हाला म्हणायचंय ‘मला जरा काळजी वाटतेय’ आणि कागदावर उतरतंय ‘मला फारशी काळजी नाही’. ‘अ लिटल कन्सर्न्ड’ हवं. तसंच ‘अ लिटल लेट’, ‘अ लिटल अनक्लिअर’. ‘आय विल बी लिटल लेट’ने कुणाचं काही बिघडत नाही, समजून घेतात, पण कन्सर्न्डच्या बाबतीत अर्थच उलटतो म्हणून तिथे जपा.

आणि उलट बाजूने बघा. इंग्लंडचा माणूस ‘आय वॉज अ लिटल सरप्राइज्ड टू सी धिस’ लिहितो तेव्हा ते ‘अ लिटल’ फार हलकं घेऊ नका. त्यांच्याकडे मुद्दाम कमी करून बोलायची पद्धत आहे, त्या ‘जरा’मध्ये बऱ्यापैकी राग मावतो. आपल्याकडे सासूबाई ‘भाजी जरा खारट झालीय का गं?’ म्हणतात त्यातला ‘जरा’ ज्यांना कळतो त्यांना हेही कळेल.

(अजून एक बारकी गोष्ट. ‘अ लिटल प्रॉब्लेम’मधला लिटल मापाचा, म्हणजे छोटासा एक प्रॉब्लेम. आणि ‘वी हॅड लिटल प्रॉब्लेम’ म्हणजे काही त्रासच झाला नाही.)

ओन्ली अ फ्यू, व्हेरी फ्यू, क्वाइट अ फ्यू, यांचं काय?

‘व्हेरी फ्यू’ म्हणजे अगदीच कमी, इथे घोळ नाही, म्हणून साधा ‘फ्यू’ लिहायची वेळ आली तर मी ‘व्हेरी फ्यू’ लिहिते. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणजे आपलं ‘थोडेच’. इथे आपले लोक ‘ओन्ली फ्यू’ लिहितात, अर्थ कळतो पण कानाला खटकतं, ‘अ’ हवाच.

घातकी आहे तो ‘क्वाइट अ फ्यू’. दिसायला लहानखुरा, अर्थ मात्र ‘बरेच’. ‘क्वाइट अ फ्यू टेस्ट केसेस फेल्ड’ म्हणजे बऱ्याच केसेस फेल झाल्यात, आणि आपण ‘फ्यू’ बघून उत्तर पाठवतो ‘नो वरीज’. समोरच्याला वाटतं याला कशाचं काही पडलेलंच नाही.

‘इन नेक्स्ट फ्यू डेज’मध्ये पण ‘अ’ लागतो का?

नाही, तिथे ‘द’ लागतो, ‘इन द नेक्स्ट फ्यू डेज’, ‘द लास्ट फ्यू वीक्स’. आणि ‘एव्हरी फ्यू अवर्स’मध्ये काहीच नाही. ‘फ्यू’च्या आधी नेक्स्ट, लास्ट, एव्हरी असा शब्द आला की ‘फ्यू’चा नकार गळून पडतो, नुसतं ‘काही’ उरतं, त्यामुळे इथे चुकलात तरी अर्थ बदलत नाही.

‘द फ्यू’ मात्र मेलमध्ये कामाचा आहे. ‘द फ्यू इश्यूज वी फाउंड आर फिक्स्ड’ म्हणजे जे काही थोडे सापडले होते ते सगळेच्या सगळे निस्तरले. धीर द्यायला हे ‘फ्यू इश्यूज’पेक्षा कितीतरी बरं, कारण यात थोडे होते हे कबूलही केलं आणि संपवलेही. ‘द लिटल टाइम वी हॅव’ही तसंच, आहे तेवढा सगळा वेळ, पण त्यात कमी असल्याची कुरकुर ऐकू येते.

सब्जेक्ट लाइनमध्ये आणि चॅटवर तर आर्टिकल गाळतातच ना?

गाळतात, ‘मीटिंग ॲट 4 इन बिग रूम’ चालतं, कारण ‘द’ गाळल्याने खोली बदलत नाही. पण ‘फ्यू’च्या आधीचा ‘अ’ गाळला की शब्दच बदलतो. ‘फ्यू चेंजेस टू द कॉन्ट्रॅक्ट’ अशी सब्जेक्ट लाइन बघून समोरच्या वकिलाने मेल नंतर वाचायला ठेवला तर त्याला दोष देता येणार नाही, तुम्हीच लिहिलंय की बदल फारसे नाहीत.

चॅटवर ‘गिव्ह मी फ्यू मिनिट्स’ किंवा ‘आय हॅव फ्यू क्वेश्चन्स’ने मात्र आकाश कोसळत नाही. मागणी आहे हे वाक्यावरूनच कळतं. मी तरी असल्या ठिकाणी कुणाला टोकत नाही, ज्युनिअरचा उत्साह घालवण्यापलीकडे त्यातून काही मिळत नाही. जिथे समोरचा तुमच्या वाक्यावर निर्णय घेणार आहे, थांबायचं की पुढे जायचं, तिथे टोका.

आमची अख्खी टीम पुण्याची. आपापसात चालतंय की सगळं?

चालतं. लिहिणाराही मनात ‘थोडे’ म्हणतो आणि वाचणाराही ‘थोडे’च वाचतो, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, तोच मेल जसाच्या तसा बाहेर फॉरवर्ड होतो तेव्हा. आणि दुसरी, टीममधल्या एखाद्याला खरंच फरक माहीत असतो तेव्हा, तो ‘फ्यू डिफेक्ट्स’ बरोबर अर्थाने लिहितो, म्हणजे फारसे नाहीत, आणि बाकीचे घाबरून वॉर रूम उघडतात.

त्यामुळे इनबॉक्समध्ये नुसता ‘फ्यू’ दिसला तर आधी कुणी लिहिलाय ते बघा. इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाने लिहिला असेल तर शब्दशः घ्या. आपल्यापैकी कुणी लिहिला असेल तर अंदाज बांधत बसू नका, ‘हाउ मेनी, रफली?’ एवढं विचारा, आकडा आला की ‘अ’ होता की नव्हता याला काही महत्त्व उरत नाही.

‘अ फ्यू’ म्हणजे साधारण किती?

ठरलेला आकडा नाही. नुसतं ‘अ फ्यू’ म्हटलं की लोक साधारण तीन-चार-पाच धरतात, पण एकूण किती आहेत त्यावर तो ताणला जातो, दहा जणांच्या टीममध्ये तीन आणि दहा हजार युजरमध्ये कदाचित पन्नास. म्हणून 38 ला ‘अ फ्यू’ म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. सरळ 38 लिहावेत.

आणि हो, ‘अ’ आला म्हणून ‘अ फ्यू युजर्स इज’ करू नका, ‘आर’च. तो ‘अ’ फ्यूचा आहे, युजरचा नाही.

माझ्या जुन्या मेलमध्ये हा घोळ आहे का, कसं बघायचं?

जीमेलमध्ये सर्चला हे टाका:

```
in:sent few
```

मग `few` च्या जागी `little` घालून पुन्हा एकदा. प्रत्येक निकालाला फक्त ‘फारसे नाहीत’ची चाचणी लावा, व्याकरण बघू नका. मी पगार पोर्टलच्या त्या प्रकरणानंतर हे केलं तेव्हा बरेचसे मेल निरुपद्रवी निघाले, ‘फ्यू क्वेश्चन्स’, ‘फ्यू मिनिट्स’, असलेच. पण त्यात एक मेल माझ्या स्वतःच्या अप्रेझलचा होता, मॅनेजरला लिहिलेला. मला म्हणायचं होतं की या वर्षात काही क्लायंटकडून माझं कौतुक झालंय. मी लिहिलं होतं, ‘आय हॅव रिसीव्ह्ड फ्यू ॲप्रिसिएशन्स फ्रॉम क्लायंट्स धिस इयर.’